सगळे आले का?

एकट्याने जेवता न येणारा असा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि नशिबाचा खेळ असा की आमच्या कॉलनीत एकटा राहणारा तोच होता. जालना रोडपासून आत, पाण्याच्या टाकीच्या मागे त्यांचे दोन खोल्यांचे घर. दारावर पाटी एवढीच: ‘हवालदार (निवृत्त)’. नाव नाही. त्यामुळे सगळी कॉलनी त्यांना हवालदार म्हणे आणि ते पोलिसातले नसून फौजेतले होते, हे प्रत्येक नव्या भाडेकरूला समजावून सांगावे लागे.

स्वतःच्या नावाबाबत ते जितके उदासीन, तितकेच दुसऱ्यांच्या. बारा-पंधरा वर्षे शेजारी राहूनही त्यांनी माझे नाव कधी विचारले नाही. मी ‘बँकवाले’. समोरचे ‘स्कूटरवाले’. कोपऱ्यावरच्या वहिनींना तर ते ‘शेवग्याच्या झाडाच्या ताई’ म्हणत, आणि झाड तोडल्यानंतरही म्हणत राहिले. लोकांना हा शिष्टपणा वाटे. मला तो विसरभोळेपणा वाटायचा. पण पिशोर या आपल्या गावच्या शाळेतल्या बैलाचे नाव त्यांना ठाऊक होते (मास्तरांचा बैल वर्गाबाहेर बांधलेला असे), तेव्हा तो विसरभोळेपणाही नव्हे.

त्यांच्या बरोबर गुलमंडीला खरेदीला जाणे ही एक कवायत असे. आपण चौघे गप्पा मारत चाललो की मागून आवाज यायचा, “पांगा! पांगा! एका ठिकाणी गोळा होऊन काय चालता?” सणासुदीच्या गर्दीत माणसाने पांगायचे कुठे? पण ते ऐकत नसत. आम्ही एकामागे एक, मध्ये अंतर ठेवून चालायचो, आणि साड्यांच्या दुकानातले लोक हा कसला मोर्चा म्हणून बाहेर येऊन पाहायचे. चहाचेही तसेच. त्यांच्याकडे गेलात की मोठ्या मगात एकच चहा यायचा. तो मग हातोहात फिरायचा, प्रत्येकाने घोट घ्यायचा आणि तळाचा, साखर उरलेला घोट त्यांचा. शेवग्याच्या ताईंनी एकदा स्वतःचा कप घरून आणला, तर हवालदार दिवसभर तोंड पाडून बसले.

पण या सगळ्यावर कडी म्हणजे त्यांचे जेवण. “सगळे आले का?” हे विचारल्याशिवाय त्यांनी घास उचलल्याचे मला आठवत नाही. कॉलनीतल्या एका मुलीचे लग्न कन्नडला होते. आम्ही गाडी करून गेलो. पंगत बसली, पाने वाढली, जिलबी आली, आणि हवालदार आपल्या पानामागे हात बांधून उभे. स्कूटरवाले पान खायला गेले होते, ते आले नव्हते. “बसा हो, येतील ते,” मुलीचे वडील काकुळतीला आले. “येऊ द्या. मग बसतो,” हवालदार म्हणाले. यजमानांनी हात जोडले, नवरदेवाच्या मामाने डोळे वटारले. शेवटी दुसरी पंगत उठली तेव्हा स्कूटरवाले ओठ लाल करून हलत-डुलत आले. जिलबी संपली होती. हवालदारांनी गार भात आणि वरण इतक्या समाधानाने खाल्ले की पाहणाऱ्याला वाटावे, याच जेवणासाठी हा माणूस कन्नडपर्यंत आला.

बायको गेल्यावर मात्र या सवयीने त्यांची पंचाईत केली. मुलगा पुण्याला. घरात विचारायचे कुणाला? दुपारी त्यांच्या स्वयंपाकघरातून भाकरीचा वास यायचा, आणि नंतर कितीतरी वेळ ते फाटकाशी उभे दिसायचे. गॅसवाला, पोस्टमन, रद्दीवाला, जो सापडेल त्याला आत ओढायचे. रद्दीवाला हुशार, तो बरोबर बाराला यायचा. कुणीच सापडले नाही तर भाकरी तशीच राहायची. मुलगा दर सुट्टीत यायचा आणि “बाबा, पुण्याला चला” म्हणून हट्ट धरायचा. हवालदारांचे उत्तर ठरलेले: “गुरुवारी भाई येतो. मी नसलो तर तो कुठं जेवंल?”

भाई म्हणजे करमाडचे, त्यांच्याच पलटणीतले. दर गुरुवारी एसटीने येत. पांढरी दाढी, डोक्यावर विणलेली टोपी, हातात पेरूची पिशवी. दोघे एकाच ताटात जेवत आणि जेवताना भांडत. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटे, आता डोकी फुटणार. भांडण एकाच गोष्टीचे होते, आणि एकाहत्तरच्या लढाईपासून ते मिटलेले नव्हते.

झाले होते असे. त्यांच्या तुकडीत दहा माणसे. भाई मशीनगन चालवायचे आणि हवालदार, तेव्हा नुसते शिपाई, त्यांच्या शेजारी पडून मॅगझिन बदलायचे. हल्ल्याच्या वेळी उघड्या शेतात सगळे आडवे झाले. समोरून गोळ्यांचा पाऊस. पुढे व्हा, असा हुकूम आला आणि कुणी हलेना. आणि मग उठले. सगळेच उठले. प्रश्न एवढाच होता की पहिला कोण उठला.

“झूट बोलता!” भाई ताटावर हात आपटून म्हणायचे. “पैले तू उठ्या. तेरेकू देख के मै उठ्या.”

“मी कायला उठू?” हवालदार उसळायचे. “तू गन घेऊन उठला. मॅगझिनं माझ्यापाशी. मी पडून राहिलो असतो तर तुझी गन मुकी झाली असती. म्हणून उठलो!”

जगात दोन माणसे शौर्याच्या मानासाठी भांडतात. हे दोघे तो मान एकमेकांच्या गळ्यात घालण्यासाठी भांडायचे. मला पुष्कळ उशिरा कळले, की दोघेही खरे बोलत होते.

एका पंधरा ऑगस्टला कॉलनीच्या अध्यक्षांनी, ते निवृत्त हेडमास्तर, हवालदारांना झेंड्याखाली उभे केलेच. हार घातला, माइक हातात दिला आणि स्वतःच भारावून विचारले, “त्या क्षणी आपल्या डोळ्यांसमोर भारतमाता उभी राहिली असेल, नाही?”

“नाय गुरुजी,” हवालदार म्हणाले. “भाईचा बूट व्हता. सोल निघालेला.”

मुले खदखदून हसली. अध्यक्षांचा चेहरा उतरला. हवालदारांनाही ते जाणवले असावे, कारण ते घाईने सावरू लागले. “देशासाठीच गेलो व्हतो. भरतीला देशानंच नेलं, गाडीत त्यानंच बसवलं. पण गोळी सुरू झाली का देश लई मोठा पडतो हो, डोक्यात मावत नाय. दहा माणसं मावतात. वरीसभर एका लंगरला जेवलेली. एकाची चूक झाली का शिक्षा म्हणून धाईच्या धाई पळायची, तवा शिव्या द्यायचो. पण एक झोपला का दुसरा जागा, हे पक्कं ठाऊक. मरायची भीती सगळ्यांलाच वाटती. पण आपण पडून राहिलो अन् ते गेले, मग संध्याकाळी त्यांच्यात जेवायला कोणत्या तोंडानं बसायचं? ती भीती लई मोठी.”

एवढे बोलून ते खाली बसले. टाळ्या तुरळक पडल्या. पुढच्या वर्षीपासून अध्यक्षांनी भाषणासाठी कॉलेजातले एक प्राध्यापक आणायला सुरुवात केली. ते रणांगणावर गेले नव्हते, त्यामुळे फार सुंदर बोलत.

उरलेली गोष्ट मला भाईंनी सांगितली, एसटी स्टँडवर त्यांना सोडायला गेलो होतो तेव्हा. त्याच हल्ल्यात हवालदारांच्या खांद्यात तोफगोळ्याचा तुकडा घुसला. इस्पितळ झाले, घरी जायची रजा मिळाली. पिशोरला बायको बाळंत झालेली, मुलाचे तोंडही पाहिलेले नाही. “और ये पागल,” भाई म्हणाले, “खांदे कू पट्टी बांध के रसद के ट्रक में बैठ्या और वापस आगे आया. घर कू नै गया! साब ने इत्ता डांटा. बोल्या, मेरे लोगां उधर हैं, मै इधर बिस्तर पे कैसा सोऊं?” बायकोने त्यांना मरेपर्यंत माफ केले नाही, हे मला ठाऊक होते, कारण मात्र आता कळत होते.

“मग भेट झाली ना सगळ्यांची?” मी विचारले.

भाईंनी पेरूची रिकामी पिशवी दुमडली. “आधे नै थे. उनकी जागा पे नए पोट्टे आए थे. हम लोगां उनसे बाताच नै करते थे. नाम भी नै पूछते थे. नाम पूछ्या तो फिर उसकी राह देखना पड़ता ना खाने पे. एक पोट्टा तो दूसरेच दिन गया. रोना भी नै आया, बँकवाले. किसकू रोना? नाम किसकू मालूम था?”

त्या दिवशी घरी येताना मी समजलो, की शेवग्याच्या ताई शेवग्याच्या ताईच का राहिल्या.

पावसाळा सरता सरता भाई गेले. हवालदार करमाडला मातीला जाऊन आले. मुलगा धावत आला. पुण्याची गोष्ट निघाली. आता ते कारण उरले नव्हते, तरी हवालदार हलले नाहीत. खाणे मात्र जवळजवळ सुटले. शर्ट अंगावर लोंबू लागला. रद्दीवाल्याने मला सांगितले, “साहेब, हल्ली ते हाक मारीत नाहीत. फाटकावर बी येत नाहीत.” शेवग्याच्या ताईंनी डबा पाठवला, तो झाकणही न उघडता परत आला. डॉक्टरांनी टॉनिक लिहून दिले. डॉक्टरांचे काय चुकले? या आजाराला औषध कुठे मिळते हे त्यांनी कुठून शिकावे?

एका गुरुवारी मी बँकेतून रजा घेतली आणि बाराच्या सुमाराला, पेरूची पिशवी घेऊन, त्यांच्याकडे गेलो. पेरू नेणे मला स्वतःलाच जरा नाटकी वाटत होते. हवालदार जमिनीवर बसले होते. समोर एक मोठे ताट, त्यात दोन भाकरी, पिठले, कांदा. हात मात्र मांडीवर. मी न विचारता पलीकडे बसलो. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग दाराकडे पाहिले. मला वाटले, आता उठवतात. भाईंच्या जागी बसण्याइतके मी काय केले होते? कुणासाठी कधी शेतातून उठलो होतो? मी बसून राहिलो. माझ्याकडून होण्यासारखे तेवढेच होते.

पिठल्यावर साय धरली. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेले.

“बँकवाले,” ते शेवटी म्हणाले, “तुमचं नाव काय हो?”

मी सांगितले. दोनदा सांगावे लागले. त्यांनी ते स्वतःशी एकदा म्हणून पाहिले, भाकरी मोडली आणि अर्धी माझ्या बाजूला सरकवली. मग आपलेही सांगितले. पाटीवर नसलेले, पेन्शनच्या कागदावरही नसलेले. त्या दहा जणांनी ठेवलेले, भाईंनीसुद्धा चारचौघांत कधी न उच्चारलेले नाव.

त्यानंतर पुढची काही वर्षे, ते असेपर्यंत, आम्ही गुरुवारी एका ताटात जेवलो. मला उशीर झाला तर ते फाटकाशी उभे असायचे, आणि बँकेतले काम अर्धवट टाकून मी धावत सुटायचो. साहेबांचा मेमो मिळाला तरी चालेल, पण ती भाकरी माझ्यामुळे गार व्हायला नको, एवढेच डोक्यात असायचे.

त्यांचे ते नाव मी इथे लिहीत नाही. ते ठाऊक असलेला आता मी एकटाच उरलो आहे.