तेलाच्या खोक्यात फक्त तेल

माझा स्वभाव संशयी, हे आधीच सांगते. दूधवाल्यानं माप भरून दिलं तरी मी आधी डोळे बारीक करून पाहायची. तेव्हा कुरिअरवाल्यानं आमची खोकी परत पाठवली, तर मी कशी गप्प बसणार?

नव्वदच्या दशकात साताऱ्यात आमचा घरगुती धंदा होता. हे फौजेतून पेन्शनवर आले आणि छावण्यांमधल्या ओळखीच्या घरांना मालाची छापील यादी पाठवू लागले. डासांच्या फवाऱ्याचे डबे, टॉर्च आणि माझ्या मोठ्या नणंदेचं केसांचं तेल. वन्सं सांगलीला राहायच्या. त्यांचं घर त्या तेलावरच चाले. अंबाल्याच्या बायकांना ते लय आवडलं होतं. दिवाळीच्या आत पोचलं तर वर्षभराची गिऱ्हाइकं, नाहीतर गेली.

यादीत खाली एकच ओळ होती: "तेल, टॉर्च, फवारे भारतभर कुठेही पाठवू." पेटीवर आतला माल लिहायची ह्यांची फौजेतली सवय. यादीतली तीच ओळ कापून ते प्रत्येक खोक्यावर चिकटवत. झालं! खोकं तेलाचं असो की टॉर्चचं, कुरिअरचा काउंटरवाला 'फवारे' वाचून सगळीच परत देई.

"ह्याला चिरीमिरी हवी," मी ह्यांना म्हटलं, आणि तणतणत काउंटरवर गेले.

तो शांतपणे म्हणाला, "आवं वैनी, पुण्याच्या पुढं विमान लागतं. फवाऱ्याचा डबा दाबानं भरलेला, वर पेट घेणारा. आमी न्हाई घेत. पण तेल घेतो की! नीट लिवा तरी."

त्याच्यावरचा माझा संशय काही गेला नाही, पण यादी मी बदलली. घरी बसून ओळ न् ओळ नव्यानं लिहिली:

"तेल: खोबरेल, स्पिरिट नाही. बूच सीलबंद, बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत, भोवती भुसा. खोके उभे ठेवावे.
टॉर्च: कोरडे सेल बाहेर काढून, टोकांना चिकटपट्टी लावून. ॲसिडची बॅटरी पाठवत नाही.
फवारे: कुरिअरने पाठवत नाही. साताऱ्यात येऊन न्यावेत.
तेलाच्या खोक्यात फक्त तेल."

आता ज्या खोक्यात जे, तेवढीच पट्टी वर चिकटवायची, तेलाच्या खोक्यावर शेवटची ओळसुद्धा, असं मी ह्यांना बजावलं. फवाऱ्याची ओळ वाचून ह्यांचं तोंड कडू झालं. अख्खा माळा डब्यांनी भरला होता ना! "फौजेत सगळं जातं," म्हणाले. मी म्हटलं, "मग फौजेतनंच पाठवा."

टॉर्चची खोकी त्याच आठवड्यात गेली, कोणी हूं की चूं केलं नाही. मग वन्सं स्वतः तेल घेऊन सांगलीहून आल्या. ह्यांनी रात्री खोकं बांधलं आणि सकाळी आम्ही तिघं काउंटरवर.

काउंटरवाल्यानं पट्टी वाचली, मान डोलावली. मग खोकं नाकाजवळ नेलं.

"घासलेटचा वास येतोय."

माझं डोकंच फिरलं. "अहो, खोबरेल आहे ते! आता वासाचं खुसपट काढलंत होय? उघडा, उघडा खोकं, सगळ्यांसमोर!"

"नको," हे एकदम बोलले. "राहू दे. घरी नेऊ."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे खोक्याच्या दोरीकडे बघत होते. आजवर साऱ्या जगावर संशय घेतला मी, फक्त ह्यांच्यावर घेतला नव्हता.

दोरी वन्संनीच सोडली. वरच्या बाटल्या बाजूला केल्या, भुसा उपसला. तळाशी, बाटल्यांच्या मधोमध, फवाऱ्याचे दोन डबे होते. एकाचं झाकण निघून तोटी दाबली गेली होती आणि आतलं घासलेटातलं औषध भुशात उतरलं होतं.

"अंबाल्याच्या गिऱ्हाइकांनी मागितले होते गं," हे पुटपुटले. "दोनच तर आहेत."

वन्संनी खोक्यावरची पट्टी वाचली, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "तेलाच्या खोक्यात फक्त तेल." मग काउंटरवाल्याला विचारलं, "आता हे डबे काढले, तर घेशील का रं?"

त्यानं खोकं हळूच आमच्याकडे सरकवलं. त्याला वाईट वाटत होतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "आक्का, लिवलंय ते बरोबर हाय. पर ह्या घरनं आलेल्या कागदावर मी आता कसा इस्वास ठिऊ?"

वन्संनी एकेक बाटली पुसून पिशवीत भरली. ह्यांनी हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला. सांगलीच्या गाडीत चढताना मला म्हणाल्या, "तू खरं लिहिलंस गं. माझ्या भावालाच ते पाळता आलं नाही."

त्या दिवाळीला अंबाल्याला तेल गेलं नाही.