डाव्या पावलाची टाच

प्रसूती वॉर्डातली सिस्टर बाळाला हात लावण्याआधी तळवे चोळून ऊबदार करायची. बाळांना ‘साहेब’ म्हणायची. बोलताना चष्मा कपाळावर ढकलायची.

त्या सकाळी ती दोन दिवसांच्या एका बाळाचा घरी सोडण्याचा कागद भरत होती. बाळाची दोन्ही पावलं आत वळलेली होती.

“पोटात दाटीवाटीनं बसला होता, दुसरं काय!” आजी म्हणाली. तिनं उजवं पाऊल हलकेच दाबलं, तर ते सरळ झालं आणि वरही गेलं. “बघा! मालिश करू. तीन महिन्यांनी दाखवू.”

“उजवं सुटेल आपोआप, आजी. आता डाव्या साहेबांना विचारू.”

सिस्टरनं डावं पाऊल वळवून पाहिलं. ते ना सरळ झालं, ना वर गेलं. टाच वर ओढलेली, मागे खोल घडी. तिनं चष्मा कपाळावर ढकलला.

“हा जन्मजात वाकडा पाय आहे. मालिशनं नाही सुटायचा.”

“म्हणजे लंगडणार?” आई रडवेली झाली.

“छे गं! आत्ता पाय लवचीक आहे. दर आठवड्याला थोडा वळवून नवं प्लास्टर, असं पाच-सहा वेळा. कदाचित टाचेमागच्या आखडलेल्या शिरेला छोटा छेद, मग काही वर्षं झोपताना पट्टीनं जोडलेले बूट. पळेल तो! पण जितकं थांबाल, तितकं अवघड.”

“प्लास्टरवाले डॉक्टर कधी असतात?” आईनं विचारलं.

“आठवड्यातून एकदाच येतात. आज बारापर्यंत आहेत.”

पावणेबारा झाले होते.

“मग बघत काय बसलात? चला!” आजीच ओरडली.

सिस्टर बाळाला छातीशी धरून निघाली. टेबलावर कागद अर्धाच भरलेला राहिला.