वळणावरचा जबाब

विमा कंपन्यांसाठी अपघातांची चौकशी करणं हा माझा धंदा. रत्नागिरीत कोर्टाच्या मागे छोटीशी खोली आहे, तिथे बसून मी पत्रं लिहितो. अपघाताच्या दाव्यात दोन्ही बाजू एकमेकांवर ढकलत असल्या की कंपनी मला धाडते आणि मी साक्षीदार शोधत हिंडतो. शोधण्याआधी पत्र. ते मात्र मी कुणाला लिहू देत नाही. साक्षीदाराला लिहिताना एक शब्द इकडचा तिकडे झाला की माणूस एकतर घाबरतो, नाहीतर आपल्याला काय ऐकायचंय ते ताडून तेच सांगतो. दोन्ही सारखंच वाईट. बायको म्हणते, "लग्नाआधी मला लिहिलेल्या पत्रातसुद्धा 'आपण आपले मत मांडण्यास मोकळ्या आहात' असं वाक्य होतं." होतं. आणि तिने मांडलंही होतं.

देवरूखच्या पलीकडे डोंगरातल्या एका गावात घडलेली ही गोष्ट. काजूच्या दिवसांत तिथल्या वळणावर पिकअप आणि मोटरसायकल समोरासमोर धडकली. मोटरसायकलवाला गवंडीकाम करणारा, तिशीतला. पिकअप चालवणारा त्याच गावचा, पलीकडच्या वाडीतला. त्याने स्वतःच जखमीला पिकअपमध्ये घातलं आणि दवाखान्याकडे पळवलं, पण माणूस वाटेतच गेला. गाडी जागेवरून हलली होती आणि मोटरसायकल लोकांनी उचलून कडेला ठेवली होती, त्यामुळे पोलिसांच्या पंचनाम्यात कोण रस्त्याच्या कुठल्या बाजूला होतं हे कळायला काही मार्गच नव्हता. चालक म्हणत होता, मोटरसायकल माझ्या अंगावर आली. गवंड्याच्या बायकोच्या दाव्यात म्हटलं होतं, पिकअपने वळण कापलं. पोलिसांत चालकावर गुन्हा होता, पण पुरावा पातळ होता.

वळणावरच्या टपरीवाल्याने मला एवढंच सांगितलं की धडक व्हायच्या आधी वरच्या उतारावरून एक बाई ओरडली. काजू वेचत होती. नाव विचारलं तर बराच वेळ कप धूत राहिला, मग सांगितलं. त्या वाडीत सगळ्यांचं आडनाव एकच, त्यामुळे चालकाचं आणि तिचं आडनाव जुळत होतं याचं मला काही वाटलं नाही.

मी पत्र लिहिलं. अजून आठवतं, कारण नंतर किती वेळा ते मनात उलटंपालटं केलं आहे. "सदर अपघात कोणाच्या चुकीमुळे झाला याबाबत दोन्ही बाजूंचे म्हणणे वेगवेगळे असून माझे कोणतेही मत झालेले नाही. आपण प्रत्यक्ष जे पाहिले व ऐकले तेवढेच सांगावे, अशी विनंती आहे. जबाब देणे ऐच्छिक आहे. न दिल्यास आपल्यावर कोणतीही कारवाई होणार नाही. आपला जबाब कंपनी व कंपनीचे वकील यांच्यापुरता गोपनीय राहील. मात्र न्यायाधिकरणाने मागितल्यास तो सादर करावा लागू शकतो, याची आधीच कल्पना देत आहे. कृपया तोपर्यंत या विषयाची चर्चा इतरांशी करू नये." खाली मी कोणत्या दिवशी येईन ते लिहिलं. 'संपूर्ण गोपनीय' असं मी कधीच लिहीत नाही, कारण ते खोटं असतं. बंद पाकीट, वर कंपनीचं नाव नाही, रजिस्टर पोस्ट. टपालात काय आहे हे गावाला कळू नये म्हणून जेवढं करता येतं तेवढं केलं.

ठरल्या दिवशी गेलो तर घराला कडी. शेजारची म्हणाली, "देवळात गेलीय ती. सगळेच गेलेत. तुमचंच काम हाय न्हवं?"

माझं डोकंच फिरलं. ज्या पत्रासाठी मी एवढी काळजी घेतली, त्याची बातमी शेजारणीपर्यंत पोचली होती. तणतणत देवळाकडे गेलो.

भातकापणी सरत आली होती. सभामंडपात अर्धं गाव जमलं होतं. पुढे बसलेली साठीच्या आतबाहेरची, काळीसावळी, ताठ पाठीची बाई. तिच्या हातात माझं पाकीट. तेव्हा उलगडा झाला. जबाब द्यायचा की नाही हे ती ग्रामदेवाला विचारायला आली होती, कौल लावून. कौल लावायचा म्हणजे गुरवाने गाऱ्हाणं घालायचं, आणि गाऱ्हाणं मोठ्यानेच घालावं लागतं. देवाला गोष्ट अर्धवट सांगून चालत नाही.

गुरव हात जोडून उभा राहिला. "बा देवा म्हाराजा, ही तुजी लेक तुज्या पायाशी आली हाय. वळणावर जो घात झाला तो हिने डोळ्यांनी बघितलेला हाय. गाडी चालवनारा हिच्याच पोटचा हाय. गेला तोही तुजाच लेकरू व्हता. हिला जबाब मागितलाय. दे म्हनत असशील तर उजवा दे, नको म्हनत असशील तर डावा दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांनी साथ दिली.

पोटचा. चालकाच्या आईला मी पत्र लिहिलं होतं. तटस्थ, नेमकं, एकही शब्द इकडचा तिकडे नसलेलं.

समोरच्या खांबापलीकडे एक तरुण उभा होता. पोलिसांच्या कागदांतला फोटो मी पाहिला होता, म्हणून ओळखलं. तिचा मुलगा. तो आईकडे बघत नव्हता, देवाकडे बघत होता.

गुरवाने ओल्या कळ्या देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना चिकटवल्या. बराच वेळ गेला आणि डावी कळी सुटून खाली पडली. 'नको.'

मंडपाने सोडलेला सुस्कारा मला ऐकू आला. खोटं कशाला बोलू, मीही सोडला. मनात अहवालाचं वाक्यसुद्धा तयार झालं, 'साक्षीदार जबाब देण्यास इच्छुक नाहीत.' फाइल बंद करायची आणि संध्याकाळच्या आत घरी जायचं.

बाई उठली. पदर नीट केला आणि देवाला म्हणाली, "तू माज्या पोराचा इचार केलास, तुजं उपकार हायत. पन बघितलं मी हाय रे बाबा. तू न्हाय."

मग वळून माझ्यासमोर आली. "सायेब तुमीच न्हवं? चला घरी. लिवून घ्या."

कौलाच्या उलट कुणी वागत नाही. त्या गावात तर नाहीच. गुरव "अगो, अगो" करत राहिला, आणि मुलगा तिला ओलांडून बाहेर निघून गेला.

ओटीवर बसल्यावर मी माझं कर्तव्य केलं. "मावशी, तुम्ही आई आहात. नाही म्हणालात तर कुणी काही करणार नाही. मी एवढंच लिहीन की तुम्हाला जबाब द्यायचा नाही."

"आनि मग?"

"मग काही नाही."

"मग तो गेलेला चुकला आसं व्हईल. तेची बायको रोज माज्या बांधावरनं जाते सायेब. खाली बघून जाते. नवऱ्याच्या चुकीची लाज तिला, आनि चूक कुनाची ते मला ठावं." तिने पाकीट पुढे केलं. "तुमच्या कागदात हाय, कुनाशी बोलू नका. मी एका देवाशी बोलले. देव काय कुनात येतो?"

'इतरांशी' या शब्दात देव येतो की नाही याचा विचार मी पत्र लिहिताना केला नव्हता.

जबाब घेताना मी सुचवणारा प्रश्न विचारत नाही. तुम्ही कुठे होता, काय दिसलं, मग काय झालं. तिने सांगितलं. मी उतारावर होते. पिकअपचा आवाज ओळखीचा, म्हणून मान वर केली. मोटरसायकल तिच्या तिच्या बाजूने येत होती, हळू. पिकअपने वळण कापलं.

"ओरडलात तेव्हा काय ओरडलात?"

"नाव घेतलं त्याचं. तो नेहमीच वळन कापतो. लय येळा सांगितलं व्हतं." इथे पहिल्यांदा ती अडखळली. "ऐकायला न्हाय गेलं त्याला. काचा बंद व्हत्या."

तेवढ्यात मुलगा आत आला, खुंटीवरची बॅग काढली आणि जाताना माझ्याकडे बघून म्हणाला, "लिहा, लिहा. नीट लिहा." आईकडे त्याने पाहिलं नाही. ती म्हणाली, "जेवून जा रे." तो उंबरठा ओलांडून गेला होता.

मी जबाब वाचून दाखवला. चालकाशी नातं या ओळीवर तिने बोट ठेवलं, 'आई' हा शब्द सावकाश वाचला आणि खाली सही केली. चौथीपर्यंतची वळणदार सही. प्रत देऊ केली तर नको म्हणाली.

तिचा जबाब कंपनीच्या बाजूचा नव्हता. तरी अहवालात मी तो होता तसा घातला. शेवटी लोकअदालतीत दोन्ही बाजूंची तडजोड झाली आणि गवंड्याच्या बायकोला भरपाई मिळाली. जबाब न्यायाधिकरणापुढे वाचला गेलाच नाही. म्हणजे गोपनीयता पाळली गेली, असं माझ्या धंद्याच्या हिशोबाने म्हणता येतं. हे लिहिताना मला माझाच राग येतो आहे.

शिमग्यात दुसऱ्या एका कामासाठी त्या बाजूला गेलो होतो. तिला सांगावं म्हणून वाट वाकडी केली, की मावशी, आता कोर्टात यावं लागणार नाही. गावात ग्रामदेवाची पालखी फिरत होती. मुंबईहून आलेल्यांनी वाडी भरून गेली होती.

तिचं अंगण सारवलेलं, रांगोळी घातलेली. ओटीवर पाट मांडलेला, ताटात नारळ, हळदकुंकू आणि तेवता दिवा. ती पायरीवर बसली होती, मीही शेजारी टेकलो. ढोल आधी लांब होते, मग जवळ आले, अगदी अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडे आले. पालखी प्रत्येक घरी थांबते. तिच्या बेड्याशी, म्हणजे अंगणाच्या फाटकाशी, भोई जरा घुटमळले, कुणीतरी काहीतरी बोललं, आणि पालखी पुढच्या घरी गेली.

मला संताप आला. मी उठलोच. "हे बरोबर नाही मावशी. हा गुन्हा आहे. असं कुणाला वाळीत टाकता येत नाही. मी बोलतो त्यांच्याशी."

तिने मला हात धरून खाली बसवलं. "बसा. देवाचं आनि माजं आमी बघून घेऊ. त्याचा शबुद मोडलाय मी, रुसंल थोडा."

ढोल पुढे गेले. ती तरीही रस्त्याकडेच बघत होती. मला वाटलं, पालखीकडे बघतेय. तेवढ्यात मुंबईची गाडी खालच्या फाट्यावर थांबली. दोन-तीन माणसं बॅगा घेऊन चढण चढू लागली, तशी ती उठून उभी राहिली. माणसं जवळ आली, दुसऱ्या घराकडे वळली. ती परत बसली आणि दिव्यात तेल घातलं.

"पालखी न्हाय आली तरी चालंल सायेब," ती म्हणाली. "ह्या शिमग्याला तरी पोरगा घरला येईल आसं वाटलं व्हतं."