माळवदावरचं सिमेंट

राग अजून उतरलेला नाही, आणि उतरावा असं मला वाटतही नाही.

आमच्या नवलाख उंबरे गावात सगळी घरं कौलारू, नाहीतर आता स्लॅबची. आमच्या घरातल्या मधल्या खोलीवर मात्र माळवद आहे. माझ्या आजोबांनी हौसेनं शिरूरकडून गवंडी आणून ते घालून घेतलं. ऐनाच्या जाड तुळया, त्यांवर आडव्या कड्या, कड्यांवर दाटीनं बसवलेल्या लाकडाच्या किलच्या, वर कडुलिंबाचा पाला, मग चिखलाचा थर आणि सगळ्यात वर पांढरीची माती, म्हणजे जुन्या गावठाणातून खणून आणलेली. ती भिजली की फुगते आणि आपल्या भेगा आपणच बुजवते. एवढा हातभर थर दिवसभर ऊन पीत बसतो, आणि त्याची ऊब खाली पोचेपर्यंत दिवस मावळलेला असतो. बाहेर अंगाची लाही होत असताना आई दुपारी आत चादर घेऊन पडायची.

पण आमच्याकडच्या पावसात माळवद सांभाळायचं म्हणजे खायचं काम नाही. दर वैशाखात वर चढायचं, गवत मुळासकट उपटायचं, जुनी भुसभुशीत माती खरवडून काढायची. नाहीतर दरवर्षी थरावर थर चढून तुळयांच्या उरावर ओझं व्हायचं. मग नवी माती, पन्हळीकडे उतार, पाणी शिंपडायचं आणि चोपण्यानं बडव बडव बडवायचं. लग्न होऊन तळेगावात गेले तरी या कामाला मी येत होते. पावसात कुठं टपकलंच, तर आबा, म्हणजे माझे वडील, घोंगडी घेऊन वर जायचे, पाटीभर माती टाकून पायानं दाबायचे. "गळालं म्हंजे बोललं ते," असं म्हणायचे. "कुटं दुखतंय ते सांगतंय."

माझ्या भावाला हे बोलणं नको होतं. तो एमआयडीसीत कामाला. दोन वर्षांपूर्वी त्यानं आणि त्याच्या ओळखीच्या ठेकेदारानं मिळून माळवदावर सिमेंटचा कोबा ओतला. वॉटरप्रूफ म्हणे! नंतर प्रत्येक पावसाळ्यात मिशीला पीळ देऊन विचारायचा, "ताई, एक थेंब तरी गळतोय का?"

नाही गळला. एकही नाही.

यंदा चैत्रात नेहमीसारखी गेले, तर खोली गार होती, पण तो गारवा वेगळा होता. ओला. नाकात कुबट वास. भर उन्हाळ्यात ओल? मी स्टुलावर चढले. तुळई भिंतीत शिरते तिथं काळं पडलं होतं. हातातल्या विळ्याचं टोक लावलं, तर ते भाकरीत बोट जावं तसं आत गेलं. त्याच तुळईखाली आबा झोपतात.

भावाला ड्युटीवरून बोलावून घेतलं आणि अशी झाडली की शेजारणी दारात आल्या. "अरे गाढवा, लाकूड उन्हापावसात फुगतं, आक्रसतं. तुझं सिमेंट हलतं का? काठाला भेग पडणारच! पाणी आत गेलं, मातीनं पोटात धरलं, आणि वरून तू झाकण लावलेलं. वाळणार कुठून ते?" तो म्हणाला, "पण गळालं नाही ना." मला वाटलं, विळाच फेकून मारावा.

आधी तुळईला खालून दोन बल्ल्यांचा टेकू दिला. मग वर जाऊन आम्ही दोघांनी घणानं कोबा फोडला. त्याखालची माती चैत्रात मुठीत दाबली तर लाडू वळत होता. भावाचं तोंड उतरलं. मला दया आली नाही.

खाली आले तेव्हा आबा खाटेवर बसले होते. तेव्हा मला दिसलं की खाट तुळईखाली नव्हतीच, पार पलीकडच्या भिंतीला होती.

"आबा, खाट कधी सरकवली?"

"वर्ष झालं, पोरी. आतनं कुरकुर ऐकू यायची."

"मग बोलला का नाहीत?" मी ओरडलेच.

"लय खुश हुता तुमी दोघं," आबा म्हणाले. "म्हटलं, पोरांच्या मागचा जाच गेला, जाऊ दे. मी हितं झोपतो की."

दोघं. बरोबर बोलले आबा. भावानं कोबा घालायच्या आधी मला फोन केला होता, आणि मी म्हटलं होतं, "कर बाबा एकदाचं, माझे गुडघे गेलेत." हे मी शेजारणींसमोर बोलले नव्हते.

वर्षभर मी दर रविवारी त्याच खाटेवर बसून चहा प्यायले. ती तिथं का आली, एकदाही विचारलं नाही.