शिंपीणबाईंसाठी एक ओळ

अकरा वर्षांनी आरोग्य केंद्रातून बदली झालेल्या डॉक्टरीणबाई नव्या डॉक्टरांसाठी पत्र लिहीत होत्या. गवंड्याच्या क्षयाच्या गोळ्यांचा चौथा महिना होता. बरं वाटतंय म्हणून तो टाळाटाळ करेल, सहा महिने पुरे करूनच घ्या, असं त्यांनी बजावून लिहिलं. मग शिंपीणबाई. आठवा महिना, आधीचं सिझेरियन, त्यात रक्तदाब वाढलेला. बाळंतपण इथे करू नये, मोठ्या रुग्णालयातच पाठवावं.

नर्सताईंनी पत्र वाचलं. “तुम्ही जाताय, हे तिला सांगितलंत?”

“नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. शिंपीणबाईंचं पहिलं बाळ त्याच मोठ्या रुग्णालयात दगावलं होतं. “मी सोबत येईन,” या डॉक्टरीणबाईंच्या शब्दावरच ती तिथे जायला तयार झाली होती.

बाई पत्र घेऊन तिच्या घरी गेल्या. बातमी ऐकून शिंपीणबाईंचं मशीन थांबलं. बाईंनी तिच्याबद्दलचा मजकूर वाचून दाखवला.

“सगळं माझ्या पोटाचं लिहिलंय,” ती म्हणाली. “माझ्या भीतीचं कुठाय?”

बाईंनी तिथेच, कापडाच्या ढिगावर कागद ठेवून लिहिलं, ‘हिला एकटीला पाठवू नका. आपल्यापैकी कुणीतरी सोबत जाच.’

बदलीनंतर पाचव्या आठवड्यात नव्या डॉक्टरांचा फोन आला. “मोठ्या रुग्णालयातून बोलतोय. मुलगी झाली, दोघी ठणठणीत!”

मागे बाळ भोकाड पसरून रडत होतं. बाईंनी फोन कानाला घट्ट धरला आणि बराच वेळ ते रडणं ऐकलं.