खटखटची बोटं

मित्राने विचारलं होतं, "नोकरी संपली. आता घरी बसून अनुवादाची कामं घेणार. सोमवारी एका संस्थेची चाचणी आहे. कोणता कीबोर्ड घेऊ, कोणता लेआउट शिकू? पंडित, तू सांगशील ते."

पंधरा वर्षं दोघं एकाच कचेरीत शेजारी बसले होते. तो टंकलेखक, म्हणून खटखट. ती अनुवादक, शब्दकोशात नाक खुपसून बसणारी, म्हणून पंडित.

तिने ठामपणे लिहायला घेतलं. इनस्क्रिप्ट शीक. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. कुठल्याही संगणकावर मिळतो. तिची स्वतःची सगळी कमाई त्याच लेआउटवर झाली होती.

पण पाठवण्याआधी तिला वाटलं, नवं शिकणं म्हणजे काय ते बघावं तरी. तिने खटखटचा रेमिंग्टन लेआउट, म्हणजे जुन्या टाइपरायटरची अक्षरमांडणी, आपल्या संगणकावर बसवला आणि चार ओळी लिहायला गेली. त्यात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दाबायची. तिची बोटं उलट शिकलेली. चाळीस मिनिटं गेली. ओळी वाचवेनात. आपल्याच हातांची तिला लाज वाटली.

तिने फोन लावला.

"किती वेगाने टाइप करतोस रे तू?"

"मोजत नाही. साहेब बोलायचे थांबले की माझं पान भरलेलं असायचं."

"आणि इनस्क्रिप्ट?"

"शिकतो की. बटणांवर चिकटवायला अक्षरांचे स्टिकरही आणून ठेवलेत."

"कुणी सांगितलं होतं?"

"तू सांगणारच होतीस."

सहा दिवसांनी चाचणी. तिने फोन ठेवला आणि उत्तर सगळं पुसलं.

"स्टिकर लावू नकोस. बोटं आहेत तशी ठेव," तिने नव्याने लिहिलं. "अडचण बोटांची नाही, तुझ्या जुन्या फॉन्टची आहे. त्यातला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर भलताच दिसतो. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारख्याच दिसणाऱ्या अक्षरांत उमटणारा रेमिंग्टन मिळतो, तो बसव. वेलांटी आधीच दाब, ती आपोआप जागेवर बसते. मात्र संस्थेच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन पानं आधी करून बघ. कीबोर्ड पूर्ण आकाराचा घे, बटण दाबल्याचं बोटाला कळेल असा. लॅपटॉपच्या सपाट बटणांवर तू मनगटं मोडून घेशील. इनस्क्रिप्ट चाचणीनंतर, रोज पंधरा मिनिटं. कधी परक्या संगणकावर बसावं लागलंच तर तोच हाताशी असतो."

रविवारी त्याची दोन पानं आली. अठरा मिनिटांत झाली होती. तिने प्रत्येक ओळ तपासली. जोडाक्षरं शाबूत, वेलांट्या जागच्या जागी. अनुवादात मात्र तिला सात चुका सापडल्या आणि तिला फार बरं वाटलं. त्या तिला दुरुस्त करता येत होत्या.

मंगळवारी त्याचा निरोप आला. "काम मिळालं. स्टिकर बायकोने स्वयंपाकघरातल्या डब्यांवर लावलेत. 'म' एकच होता. तो मिठाला द्यायचा की मिरीला, यावर घरात अबोला आहे. पंडित, तू सांगशील ते."