दोन गोळ्या

शिवणकाम करणारी आई लेकीला रोज सकाळी डॉक्टरांनी लिहून दिलेली, लक्ष लागण्याची एक गोळी द्यायची. त्यामुळे पोर एका जागी बसून धडा पुरा करू लागली होती. यंदा नापास झाली तर शाळा तिला काढणार होती. म्हणून परीक्षेच्या दिवशी आईने दोन दिल्या. पोर तीन तास पहिलंच उत्तर खोडत बसली.

“कपाळामागच्या मेंदूत डोपामिन, नॉरअॅड्रेनलिन ही रसायनं कमी पडली की लक्ष भरकटतं,” दवाखान्यात डॉक्टर म्हणाले. “गोळी पेशींना ती परत शोषू देत नाही, म्हणून ती बेताने वाढतात. अति झालं की तोच भाग ढेपाळतो.”

“दोरा जास्त ताणल्यासारखं?”

“तसंच, बाई.”

बाहेर लेक म्हणाली, “आई, मीच ढ आहे गं.”

दोन गोळ्यांनीच असं झालं, हे सांगायला आईचं तोंड उघडेना.